चॅटचा लांब स्क्रीनशॉट जोडताना पाच मेसेज गायब झाले तेव्हा

आमच्याकडे एका व्यवहाराच्या वादाची फाइल तयार होत होती आणि त्यात दोन पार्टींमधलं चॅट प्रिंट करून लावायचं होतं. पक्षकाराने मोबाइलवर खाली खाली स्क्रोल करत एकेक स्क्रीन टिपून पाठवलेली, प्रत्येकीत आधीच्या स्क्रीनचा थोडा भाग परत आलेला. तो भाग जुळवून एक सलग पट्टी करायची आणि मग तिची ए४ पानं पाडायची, एवढंच काम होतं. जोडणाऱ्या टूलने झटक्यात पट्टी दिली, सांधा कुठेच दिसत नव्हता, सगळे खूश.

मी वेळा वाचत खाली येत होते तर एका जागी ४:११ च्या मेसेजनंतर थेट ४:३१ चा "ठीक आहे". माणसं वीस मिनिटं गप्प बसू शकतात, त्यामुळे कुणालाच ते खटकलं नसतं, पण मला मूळ सातवा स्क्रीनशॉट बघावासा वाटला आणि त्यात खाली ४:१२ चा "ठीक आहे" आणि त्यानंतर ४:३१ च्या आधी अजून चार मेसेज होते. त्यातच मुदत १५ वरून २२ तारखेला नेल्याचं लिहिलेलं. वादच मुदतीचा होता, म्हणजे नेमका गाभाच उडालेला!

झालं असं होतं की टूल आठव्या चित्राची वरची पातळ पट्टी घेऊन ती सातव्यात शोधतं. त्या पट्टीत फक्त "ठीक आहे"चा एक बबल होता, आणि तसाच बबल सातव्यात दोनदा होता. वेळेचे आकडे वेगळे होते ना, मग फसलं कसं? तर चित्रं चॅटमधूनच फोटो म्हणून आलेली, कॉम्प्रेस झालेली, शिवाय या अ‍ॅपमध्ये मागचा वॉलपेपर जागेवरच राहतो आणि मेसेज त्याच्यावरून सरकतात, त्यामुळे तोच मेसेज दोन स्क्रीनशॉटमध्ये वेगळ्या नक्षीवर बसतो आणि पिक्सेल कधीच तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून टूलला बराच फरक चालवून घ्यावा लागतो, आणि तेवढ्या ढिलाईत "१२" आणि "३१" हे बारीक आकडे सहज खपून जातात.

मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "अगं, हे असंच कोर्टात गेलं असतं तर समोरच्याने आपणच मेसेज काढले म्हटलं असतं." मग पक्षकाराला मूळ फाइली डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितल्या आणि सगळे सांधे हाताने तपासले. आधी ImageMagick ने प्रत्येक चित्राच्या वरची नावाची पट्टी आणि खालची टाइप करायची जागा कापली, कारण ते भाग प्रत्येक स्क्रीनवर सारखेच असतात आणि तिथेच खोटं जुळतं. मग आठव्यातून जाड पट्टी घेतली, निदान दोन वेगळे मेसेज पूर्ण येतील अशी:

```
magick 07.png -crop 1080x1930+0+290 +repage a.png
magick 08.png -crop 1080x1930+0+290 +repage b.png
magick b.png -crop 1080x400+0+0 +repage s.png
magick compare -metric RMSE -subimage-search a.png s.png m.png
```

शेवटच्या ओळीला वेळ लागतो, पण उत्तरात `@` नंतर जागा येते. इथे 0,1350 आली. म्हणजे कापलेल्या सातव्याच्या, a.png च्या, वरच्या 1350 पिक्सेल-ओळी ठेवायच्या आणि खाली कापलेलं आठवं, b.png, अख्खं `-append` ने लावायचं. टूलने 620 वर कापलं होतं, मधल्या 730 ओळी गेल्या त्या याच. खरं तर टूलने दाखवलेल्या सामायिक भागांवर नजर टाकली तरी कळलं असतं, बाकी सगळीकडे पाचशे-सहाशे ओळी सामायिक आणि या एका सांध्याला 1310. एवढा वेगळा आकडा दिसला की तो सांधा उघडून बघायचाच.

पानं पाडताना वेगळीच पंचाईत. 1080 रुंदीला ए४ ची उंची साधारण 1527 ओळी येते, आणि दर 1527 ला सरळ कापलं की सुरी अक्षरातून जाते. आपल्या लिपीत हे जास्त वाईट, कारण शिरोरेषेवर कापलं की अनुस्वार आणि वेलांट्यांचे वरचे भाग आधीच्या पानावर राहतात, खाली "आलो"चं "आला" वाचलं जाऊ शकतं. म्हणून 1527 पासून वर सरकत दोन बबलमधली मोकळी जागा शोधली आणि तिथे कापलं, पान थोडं आखूड झालं तरी चालतं. फाइल चाळताना मध्ये पान नाहीये असं वाटू नये म्हणून प्रत्येक पानाच्या वर आधीच्या पानाचा शेवटचा मेसेज परत घेतला आणि बाजूला "मागील पानावरून" लिहिलं.

मॅडमनी जोडलेल्या पानांबरोबर मूळ स्क्रीनशॉटही क्रमांक टाकून लावायला सांगितले, आणि कुठला सांधा कुठल्या दोन चित्रांमधला हे पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहायला.