आमची वाटचाल: पंचवटीतून म्हसरूळला, आणि नव्या शाखेचे प्रवेश

म्हसरूळला दिंडोरी रोडच्या आतल्या बाजूला आमच्या शाळेची नवी शाखा 15 जून 2026 ला, सोमवारी सुरू होते आहे. पहिल्या वर्षी नर्सरी, छोटा गट, मोठा गट आणि पहिली, असे चार वर्ग असतील. माध्यम मराठी, पण पहिलीपासून गणित इंग्रजीतून, म्हणजे सेमी. पुढे दरवर्षी एक इयत्ता वाढवत पाचवीपर्यंत जायचे आहे. प्रवेश अर्ज 2 फेब्रुवारीपासून मिळतील.

पंचवटीतली शाळा मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंनी एका भाड्याच्या बंगल्यात बालवाडी म्हणून सुरू केली. मुले आमची आणि गल्लीतली. पुढे स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा 2012 चा कायदा आला, तेव्हा संस्थेने रीतसर परवानगी घेऊन पहिली सुरू केली आणि वर्ग चौथीपर्यंत गेले. बंगल्याच्या खोल्या मात्र तेवढ्याच राहिल्या. त्यावर आमचा तोडगा म्हणजे दोन सत्रे. सकाळी साडेसातला लहान गट, दुपारी प्राथमिक. बरीच वर्षे ते निभावले.

मग 2024 मध्ये शासनाचा निर्णय आला की पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत. लहान मुलांची झोप पुरी होत नाही, हे कारण मला मनापासून पटलेले आहे. साडेसातच्या वर्गात निम्मी नर्सरी पेंगत असायची. पण सत्र दीड तास पुढे सरकल्यावर दुपारच्या सत्राला दिवस पुरेना. एकाच वेळी सगळ्यांना बसवायचे तर खोल्या दुप्पट हव्यात, आणि पंचवटीत तेवढी जागा आमच्या ऐपतीत मिळणारी नव्हती.

दुसरे कारण व्हॅनचे. म्हसरूळ आणि मखमलाबादकडची मुले व्हॅनने निमाणीवरून येतात. अंतर फार नाही, पण थांबे आणि गर्दी धरून पहिल्या थांब्यावरच्या मुलाचा बराच वेळ गाडीतच जातो. त्यात 2027 चा सिंहस्थ समोर आहे. 2015 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटीतले रस्ते वाहनांना बंद असायचे, हे इथल्या पालकांना वेगळे सांगायला नको. म्हसरूळची मुले म्हसरूळमध्येच शिकली तर बरे, असे पालकच म्हणू लागले.

आता जागेबद्दल. इमारत तळमजला अधिक एक अशी आहे, दहा वर्षांच्या भाडेकरारावर. लिफ्ट नाही. म्हणून नर्सरी आणि दोन्ही गट खाली, पहिली वर, आणि खालच्या वर्गांना उतार केला आहे. मैदान साधारण 60 बाय 90 फुटांचे. पळापळी, लंगडी, खोखो होईल, क्रिकेट नाही. मुलामुलींची स्वच्छतागृहे वेगळी, नर्सरीसाठी बुटक्या कमोडची खोली वर्गाला लागून. पिण्याच्या पाण्याला फिल्टर, व्हरांड्यात आणि फाटकावर कॅमेरे. वर्गात कॅमेरे लावलेले नाहीत, तो आमचा निर्णय आहे आणि त्यावर वाद घालायला मी तयार आहे. ग्रंथालयाला एक खोली आहे. पोहण्याचा तलाव, वातानुकूलित वर्ग, मोठे सभागृह यांतले काहीही नाही, आणि पुढच्या दोन वर्षांत होणारही नाही. खिडकीतून चामरलेणीचा डोंगर दिसतो, तो फुकट.

नर्सरीत 20, दोन्ही गटांत प्रत्येकी 24 आणि पहिलीत 28 मुले घेणार आहोत. पहिली ते पाचवीसाठी कायद्याचे प्रमाण एका शिक्षकामागे 30 मुलांचे आहे, त्याच्या आतच आम्ही राहणार. पहिलीच्या शिक्षिका डी.एल.एड. आणि टीईटी उत्तीर्ण आहेत. पहिलीच्या 28 पैकी 25 टक्के, म्हणजे 7 जागा आरटीईच्या. त्यांची सोडत राज्य शासन ऑनलाइन काढते, तिचा अर्ज आमच्या खिडकीवर मिळत नाही. त्यामुळे शाळेच्या अर्जातून भरायच्या जागा 21 आहेत.

वयाचा नियम सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून तो नीट सांगते. राज्यात वयाची तारीख 31 डिसेंबर आहे. त्या दिवशी नर्सरीला 3 वर्षे आणि पहिलीला 6 वर्षे पूर्ण हवीत. 2026-27 साठी याचा अर्थ असा: 2023 मध्ये जन्मलेले मूल नर्सरीत, 2022 चे छोट्या गटात, 2021 चे मोठ्या गटात आणि 2020 चे पहिलीत. जन्माचे वर्ष बघितले की गट कळतो. म्हणजे 5 जानेवारी 2021 ला जन्मलेली मुलगी पहिलीत बसत नाही. पाच दिवसांसाठी वर्ष गेले, असे आई-वडिलांना वाटते आणि दरवर्षी कुणी ना कुणी हा आग्रह धरतेच. पण तो प्रवेश पुढे सरकारी नोंदीत अडकतो आणि त्रास मुलीला होतो. ती मोठ्या गटात येईल.

फीचे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. शाळा महिन्याची फी सांगते, पालक 12 ने गुणतात, आणि पावती 14 महिन्यांची निघते. कारण दोन सत्रांची सत्र फी वेगळी असते, आमच्याकडे ती प्रत्येक सत्राला एका महिन्याच्या फीइतकी. म्हणून मी सरळ वर्षाचा आकडा सांगते. नर्सरी महिना 2,200 प्रमाणे वर्षाला 30,800 रुपये. छोटा आणि मोठा गट महिना 2,400 प्रमाणे 33,600. पहिली महिना 2,700 प्रमाणे 37,800. चार समान हप्ते: पहिला प्रवेश निश्चित करताना, मग 15 जुलै, 15 ऑक्टोबर आणि 15 जानेवारी 2027. नर्सरीचा हप्ता 7,700, गटांचा 8,400, पहिलीचा 9,450. अनामत, देणगी, इमारत निधी असे काहीही नाही. देणगी मागणे 1987 पासून राज्यात कायद्याने बंद आहे, तरी विचारणारे विचारतात म्हणून लिहिले. अर्जाचे 100 रुपये, तेवढेच.

फीत न धरलेले खर्च आहेत, आणि ते कळल्याशिवाय दोन शाळांची तुलना खरी होत नाही. वरच्याच मुलीचे उदाहरण घेऊ. मोठ्या गटाची फी 33,600. गणवेशाचे दोन जोड अंदाजे 1,800. तो कुठल्याही दुकानातून घ्या, रंग आणि कापड सूचनाफलकावर लावले आहे. पुस्तके-वह्या 1,600. व्हॅन लागली तर तीन किलोमीटरच्या आत महिना 1,100 प्रमाणे दहा महिन्यांचे 11,000. एकूण 48,000. व्हॅन नको असेल तर 37,000. पहिलीला बालभारतीची पुस्तके बाजारातून घ्यावी लागतील, कारण शासनाची मोफत पुस्तके विनाअनुदानित शाळेतल्या मुलांना मिळत नाहीत.

व्हॅन शाळेची नाही. शालेय वाहतुकीचा परवाना असलेल्या चालकांशी आम्ही करार केला आहे आणि पैसे पालकांनी थेट त्यांना द्यायचे आहेत. प्रत्येक गाडीत महिला मदतनीस असेल. तक्रार असेल तर ती शाळेच्या परिवहन समितीकडे द्यायची, त्या समितीत पालकही असतील.

ही फी 2026-27 आणि 2027-28 अशी दोन वर्षे तशीच राहील. पहिल्या वर्षाचा आकडा संस्थेने ठरवला आहे. 2011 च्या फी नियमन कायद्याप्रमाणे शाळा सुरू झाल्यावर तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ होईल, आणि त्यानंतरची कुठलीही वाढ त्याच्या कार्यकारी समितीपुढे मांडावी लागेल. मागच्या शाळेत या सभेला येणारे पालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असायचे. इथे तरी यावे, फी तिथेच ठरते.

आता तारखा. अर्ज 2 फेब्रुवारी ते 28 फेब्रुवारी, रविवार सोडून रोज सकाळी 10 ते 1, पंचवटीच्या कार्यालयात आणि म्हसरूळला दोन्हीकडे. लवकर भरल्याचा काही फायदा नाही, 2 तारखेचा आणि 28 तारखेचा अर्ज सारखाच धरला जाईल. मुलाची परीक्षा नाही, पालकांची मुलाखत नाही. पहिलीसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नेच चाळणी बंद आहे, आम्ही तोच नियम नर्सरीलाही लावतो. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर रविवारी 8 मार्चला सकाळी 11 वाजता मैदानात पालकांसमोर चिठ्ठ्या काढू. आमच्या शाळेत भावंड असलेल्यांचे अर्ज आधी घेतले जातील, तेवढा एक अपवाद. आलेल्या पालकांपैकीच कुणाच्या तरी लेकराला चिठ्ठी काढायला बोलावू.

नाव लागलेल्यांनी 20 मार्चपर्यंत पहिला हप्ता भरून प्रवेश निश्चित करायचा. 19 मार्चला पाडवा आहे. बऱ्याच घरांत त्या मुहूर्तावर पाटीपूजन करून प्रवेश घ्यायचा असतो, म्हणून त्या दिवशी सुट्टी असूनही कार्यालय 8 ते 12 उघडे राहील. 20 नंतर रिकाम्या राहिलेल्या जागांवर प्रतीक्षायादीतल्यांना क्रमाने 30 मार्चपर्यंत फोन जाईल. प्रवेश घेऊन नंतर विचार बदलला तर 15 जूनच्या आत लेखी कळवा, 500 रुपये कापून बाकी रक्कम परत मिळेल. शाळा सुरू झाल्यावर त्या तिमाहीचा हप्ता परत होत नाही.

कागदपत्रांत जन्मदाखला, राहत्या पत्त्याचा पुरावा, लसीकरणाचे कार्ड आणि दोन फोटो. आधार असेल तर द्या, नसेल तर त्यासाठी अर्ज अडणार नाही. पंचवटीच्या पहिलीतल्या कुणाला पुढे इकडे यायचे असेल, तर कागदोपत्री ही वेगळी शाळा आहे. परवानगी वेगळी, यू-डायस क्रमांक वेगळा. त्यामुळे तिकडून शाळा सोडल्याचा दाखला काढावा लागेल. शिवाय इथे दुसरी 2027 मध्ये सुरू होणार असल्याने सध्याच्या पहिलीवाल्यांना तिकडेच थांबावे लागेल. बालवाडीतून येणाऱ्यांना दाखला लागत नाही.

इमारत बघायला फेब्रुवारीतल्या कुठल्याही शनिवारी दुपारी 3 ते 5 या. रंगकाम चालू असेल, वरच्या मजल्याचे कठडे अजून लागायचे आहेत, म्हणून तेव्हा मुलांना खालीच ठेवा. जाऊबाई फीच्या टेबलाशी असतील, वर्ग मी दाखवीन.