टॉवेलमधला खडू सापडला, पण श्रेय आईला

मागच्या वेळी "बोअरच्या पाण्यात पावडरसोबत दोन चमचे धुण्याचा सोडा टाका" असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं. ते मागे घेतो. ज्यांनी ऐकलं त्यांचे टॉवेल एव्हाना आमच्यासारखेच पापड झाले असतील. परवा आईने पंचा झटकला आणि म्हणाली, "अंग पुसायचंय का घासायचंय यानं?"

आमची मशीन तीच, साडेसहा किलोची टॉपलोड. सांगलीत विश्रामबागेला आमच्या टाकीत बोअरचं पाणी, आणि नळाला महापालिकेचं कृष्णेचं पाणी सकाळी तासभर. थेंबांच्या किटने पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, मोजलं. माझ्या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला २५ मिलिग्राम जडपणा. लाल रंग जाऊन निळा यायला बोअरच्या पाण्याला १९ थेंब लागले, नळाच्याला ६. जडपणा टीडीएस मीटरनेच मोजता येतो म्हणणाऱ्यांनी पुन्हा वाद घालू नये. तो मीटर मीठही मोजतो आणि सोडाही मोजतो, जडपणा तेवढा वेगळा काढून सांगत नाही.

आधी धुतल्यावर काळ्या टी-शर्टवर उरणारी पांढरी भुकटी नक्की काय, ते बघितलं. पावडर विरघळली नसेल तर ओल्या बोटाने चोळल्यावर बुळबुळीत लागते आणि साध्या पाण्यात जाते. ही गेली नाही. मग लिंबूसत्त्वाच्या पाण्याचा थेंब सोडला आणि कान जवळ नेला. चुरचुर आवाज, बारीक बुडबुडे. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, साधा खडूच म्हणा.

हिशोब सोपा आहे. मध्यम लेव्हलला मशीन ४० लिटर पाणी घेते (बादलीने मोजलं). ४० गुणिले ४७५ म्हणजे १९ ग्राम जडपणा. सोडा यातल्या कॅल्शियमचा खडू करतो. पाणी मऊ होतं हे खरं, पण तो खडू जातो कुठे? टॉपलोडमध्ये पाणी सोडताना कपडे तळाशी बसतात आणि पाणी त्यांच्यातून गाळून जातं. वर स्पिनमध्ये तेच पाणी कापडातून जोरात बाहेर फेकलं जातं. आपण आपल्याच टॉवेलची गाळणी करतो! पावडरमध्येही सोडा असतोच, त्यामुळे मी वरून घातलेला सोडा म्हणजे दुखण्यावर डागणी होती.

जुना खडू काढायला एका बादलीत १० लिटर कोमट पाणी आणि ४० ग्राम लिंबूसत्त्व घेऊन एकच टॉवेल तासभर बुडवला. आधी उन्हात खडखडीत वाळवून वजन ४१२ ग्राम, नंतर त्याच उन्हात वाळवून ३९८. चौदा ग्राम खडू, एका टॉवेलमध्ये! आणि टॉवेल मऊ. (लिंबूसत्त्वाच्या आसपास ब्लीच आणू नका, विषारी वायू होतो.)

आता मुख्य भानगड. खडू व्हायचाच असेल तर तो कपडे टाकायच्या आधी, बाहेर व्हावा आणि तळाशी बसावा. ५० लिटरचं पिंप घेतलं. सोडा किती टाकायचा हे ठरवायला पाच बाटल्यांत एकेक लिटर बोअरचं पाणी भरलं. एक लिटर पाण्यात १० ग्राम सोडा विरघळवून ते द्रावण अनुक्रमे १०, २०, ३०, ४०, ५० मिलि घातलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी पाचव्या बाटलीतसुद्धा १३ थेंब! दोन दिवस किटवर संशय घेतला, वजनकाट्यावर घेतला, स्वतःच्या शाळेतल्या रसायनशास्त्रावर घेतला. शेवटी सोड्याची पुडी उघडून पाहिली तर काचेसारखे खडे, कडेला पांढरे पडलेले. गणपती पेठेतल्या दुकानदाराने "एकच हो ते" म्हणून खड्यांचा सोडा दिला होता. त्या खड्यांत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. कोरड्या पुडीच्या १ ग्रामचं काम करायला खडे २.७ ग्राम लागतात. दुकान बदललं, कोरडी पूड आणली.

दुसऱ्या फेरीत तिसऱ्या बाटलीत ८ थेंब, चौथीत ७, पाचवीतही ७. त्याखाली जातच नाही. उरलेला जडपणा मॅग्नेशियमचा असावा, तो धुण्याच्या सोड्याला सहजासहजी दाद देत नाही. सोडा जास्त झाला हे ओळखायला सांगलीकराला लिटमस कशाला हवा? गाळणकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला. तिसऱ्या बाटलीत पिवळाच राहिला, चौथीत तांबूस, पाचवीत चक्क कुंकवासारखा. म्हणून तिसऱ्या-चौथीच्या मधलं माप धरलं, ४० लिटरला १३ ग्राम. रात्री ढवळून ठेवायचं, सकाळी वरचं निवळ पाणी नळीने मशीनमध्ये घ्यायचं. नळीचं तोंड तळापासून चार बोटं वर. पहिल्या दिवशी घाई केली आणि गाळ ढवळून सगळा खडू परत कपड्यांत गेला, ते जाऊ द्या.

या पाण्यात सहा धुणी झाली. पावडर निम्मी केली तरी फेस येतो आणि काळ्या टी-शर्टवर पांढरं नाही. मळक्या कपड्यांना पावडरच. रोजच्या कपड्यांना लिक्विड बरं, कारण त्यात सोडा नसल्यातच जमा, म्हणून खडू होत नाही. पण थेट बोअरच्या पाण्यात लिक्विड एकटं पडतं, दीडपट घातलं तरी कॉलरचा मळ राहतोच. पॉड माझ्यापुरते बाद. डिसेंबरच्या थंड पाण्यात एकाची पिशवी अर्धवट विरघळून उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्यात शेंबडासारखी चिकटली. चूक माझी, कपड्यांच्या वर टाकला होता. ड्रमच्या तळाशी टाकून वर कपडे घातल्यावर विरघळला. पण पाणी जड म्हणून थोडं जास्त घालू म्हटलं तर पॉड दीड घालता येत नाही, आणि दोन घातले तर खिसा ओरडतो.

हे सगळं जेवताना घरी सांगत होतो. पिंप, नळी, सात थेंब, हळदीचा कागद. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि नळाचं पाणी किती म्हणालास?"

सहा.

"मग सकाळी नळ आला की तेव्हाच का नाही लावत मशीन?"

बायको पदर तोंडाला लावून उठून गेली.

तर बेत बदलला. मशीनची नळी टाकीच्या लाईनवर आहे, तिथे टी-जोड आणि दोन कॉक बसवायचे. धुण्याचं पाणी नळाचं, कॉक फिरवून खळबळायचं पाणी बोअरचं. धुतल्यावर स्पिन झाला की कपड्यांत जेमतेम दोन-तीन लिटर पाणी उरतं, त्यातला सोडा खळबळताना फारसा खडू करणार नाही असा अंदाज आहे. काळा टी-शर्ट साक्षीला आहेच. टाकीचं पाणी उलटं नळाच्या लाईनीत जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, तो प्लंबर गुरुवारी आणतोय. पिंप टाकून देत नाही. नळ न येण्याचे दिवस सांगलीत काही कमी नसतात. तोवर आईने त्यात कुरडयांचे गहू भिजवायचं बोलून दाखवलंय, आणि मी आत्ताच आतून घासून ठेवलंय.