सफायर काचेचं बाहेरचं एआर कोटिंग उतरवलं, आतलं ठेवलं

माझ्या सीको एसकेएक्स००७ या डायव्हर घड्याळाची मूळ हार्डलेक्स, म्हणजे सीकोची टणक केलेली खनिज काच, काढून ३१.५ मिलिमीटरची सपाट सफायर काच बसवली, ते काम इथल्या जुन्या नोंदींत आहे. काच दोन्ही बाजूंनी निळ्या एआर कोटिंगची, म्हणजे प्रतिबिंब दाबणाऱ्या पातळ थराची होती. रोजच्या वापरानंतर तिच्यावर बारीक रेघांचं जाळं दिसू लागलं, विशेषतः तीन ते सहाच्या भागात, जिथे मनगट दरवाज्याला आणि टेबलाच्या कडेला लागतं. "सफायरला चरे पडतात कसे?" हा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलाय. या काचेपुरतं उत्तर सरळ आहे: चरा सफायरला पडलेलाच नाही, तो वरच्या कोटिंगला पडलाय.

हे ठरवायला यंत्र लागत नाही, ट्यूबलाइट पुरते. घड्याळ नळीखाली धरून हळूहळू तिरपं केलं की काचेत नळीची दोन प्रतिबिंबं एकमेकांपासून सुटी होतात. एक बाहेरच्या पृष्ठभागाचं, दुसरं आतल्या. कोणतं कुठलं हे कळायला काचेवर बोटाचा हलका ठसा उमटवायचा. त्या जागी जे विस्कटतं आणि रंग बदलतं ते बाहेरचं. कोटिंग नसलेल्या पृष्ठभागावर नळी पांढरी आणि ठळक दिसते, कोटिंग असलेल्यावर मंद आणि निळसर-जांभळी. माझ्या काचेत दोन्ही जांभळी होती, पण बाहेरच्या प्रतिबिंबात पांढऱ्या रेघा तुटक तुटक चमकत होत्या.

आता दहापट भिंग घेऊन त्याच कोनात बघा. रेघ जांभळ्या पार्श्वभूमीवर पांढरीशुभ्र दिसते. घड्याळ जरा फिरवून प्रतिबिंब बाजूला सरकवलं की तीच रेघ जवळजवळ गायब होते आणि खालची डायल स्वच्छ दिसते. कोटिंगवरच्या चऱ्याची ही ओळख. त्याच्याशी गल्लत होते ती धातूच्या डागाची. सफायर इतकी कठीण की स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची कड घासली तर धातूच तिच्यावर उतरतो, पेन्सिलीची रेघ कागदावर उतरावी तसा. तो डाग करडा असतो, कुठूनही बघितला तरी दिसतो आणि साध्या खोडरबरानं निघतो. खरा सफायरचा घाव बहुधा कडेला टवका उडाल्याचा असतो आणि नखाला लागतो. माझ्या काचेवर खोडरबरानं दोन डाग गेले, बाकीच्या रेघा तशाच राहिल्या.

रेघ पांढरी का दिसते, त्यातच कोटिंगचं सगळं काम आलं. सफायरचा अपवर्तनांक सुमारे १.७७. त्यामुळे प्रत्येक पृष्ठभागावरून ७.७ टक्के प्रकाश परत फिरतो, दोन्ही मिळून १४ टक्क्यांच्या आसपास. साध्या खनिज काचेचा अपवर्तनांक १.५२ धरला तर तिचे दोन्ही पृष्ठभाग मिळून ८ टक्के होतात. म्हणजे हार्डलेक्स काढून बिनकोटिंगची सफायर बसवली की घड्याळ जास्त आरशासारखं होतं. "सफायर टाकली पण डायल आधीसारखी दिसत नाही" ही तक्रार मनाची समजूत नाही, ती भौतिकशास्त्रातून येते.

कोटिंगचा सर्वात साधा प्रकार म्हणजे मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकच थर, अपवर्तनांक १.३८, जाडी साधारण १०० नॅनोमीटर. हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा, थरातल्या वेगाच्या हिशोबानं, हा पाव भाग होतो. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. हा थर सफायरवर जितका चांगला बसतो तितका काचेवर बसत नाही, कारण आदर्श थराचा अपवर्तनांक खालच्या पदार्थाच्या वर्गमुळाइतका हवा. १.७७ चं वर्गमूळ १.३३ येतं, म्हणजे १.३८ अगदी जवळ. हिशोब केला तर हिरव्या प्रकाशात सफायरवर फक्त ०.१ टक्क्याच्या आसपास परावर्तन उरतं. तोच थर काचेवर १.३ टक्क्यांपर्यंतच आणू शकतो. निळं आणि लाल टोक मात्र पूर्ण मरत नाही, म्हणून उरलेली झाक जांभळी. रुंद पट्ट्यात परावर्तन दाबायचं असेल तर सिलिका आणि टायटॅनियम डायॉक्साइडसारख्या पदार्थांचे थर एकावर एक चढवतात. त्यांची झाक रचनेप्रमाणे निळी किंवा हिरवी असते.

चरा पडला म्हणजे त्या बारीक रेषेपुरता हा थर गेला. आजूबाजूला एक टक्क्याहून कमी परावर्तन आणि मध्ये उघडी सफायर, ७.७ टक्के. म्हणून अंगानं अगदी उथळ असलेली रेघ डोळ्यात भरते. कठीणपणाचा हिशोबही असाच आहे. मोह्‌सच्या मापावर सफायर ९, क्वार्ट्झ ७, मॅग्नेशियम फ्लोराइड ६ च्या आसपास. रस्त्यावरच्या धुळीत, वाळूत, भिंतीच्या गिलाव्यात क्वार्ट्झ असतंच. ते सफायरला काही करू शकत नाही, थराला मात्र करतं. थर कसा चढवला यावरही बरंच अवलंबून: निर्वातात काच ३०० अंशांच्या आसपास तापवून मॅग्नेशियम फ्लोराइड बसवलं तर तो घट्ट बसतो, थंड काचेवर बसवलेला थर मऊ राहतो. सुट्या भागांत मिळणाऱ्या स्वस्त काचांवर ही प्रक्रिया कशी झाली ते विकणाऱ्याला विचारून कळत नाही, वापरातच कळतं.

मग बाहेरचा थर ठेवायचा की उतरवायचा? मी हा हिशोब मांडला. उघड्यावर, सगळीकडून सारखा उजेड येतोय असं धरा. काळी डायल ५ टक्के प्रकाश परत देते, तासांच्या पांढऱ्या खुणा ८० टक्के. काच मध्ये नसेल तर खुणा डायलपेक्षा १६ पट उजळ. बिनकोटिंगच्या सफायरखाली आकाशाचं प्रतिबिंब दोघांवरही सारखं पसरतं आणि हा फरक ४ पटींवर येतो. फक्त आतून कोटिंग असेल तर ६ पट. दोन्ही बाजूंनी असेल तर १३ पटींच्या पुढे.

म्हणजे बाहेरचा थर खरंच मोठं काम करतो, हे मान्य करूनच पुढे जावं. चांगल्या दुहेरी कोटिंगची काच ऊन्हात बघितली की काच आहे की नाही असं वाटतं, आणि ब्राइटलिंगसारखी कंपनी मुद्दाम दोन्ही बाजूंनी करते. पण हा हिशोब नव्या थराचा आहे. रेघांनी भरलेल्या थरावर नजर खुणांआधी रेघांवर जाते, आणि हाताला लागणाऱ्या डायव्हरवर तो थर टिकणार नाही. सीको स्वतःच्या प्रॉस्पेक्स मालिकेतल्या अनेक घड्याळांवर फक्त आतल्या बाजूला कोटिंग देते, आणि आतून कोटिंग केलेल्या सफायरचं एकूण परावर्तन ८ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे जवळजवळ साध्या खनिज काचेइतकं. हार्डलेक्सची स्पष्टता आणि सफायरचा टणकपणा, हा सौदा मला पटतो.

आता काम. काच घड्याळाच्या घरातच बसलेली ठेवली. बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, काढलं म्हणजे काचेच्या कडेपर्यंत हात पोचतो आणि पेस्ट त्याच्या खाचेत जात नाही. क्राऊन घट्ट बसवला, गॅस्केटच्या रेषेवर आणि घरावर मास्किंग टेप लावली. काच आधी पाण्यानं आणि भांड्याच्या साबणाच्या थेंबानं धुतली, कारण वाळूचा एखादा कण पेस्टमध्ये मिसळला तर मग दोष कुणाचा हे कळत नाही. १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट, कडक फेल्टचा तुकडा आणि थोडं तेल. यंत्र वापरत असाल तर वेग अगदी कमी ठेवा. काच तापली की गॅस्केट ढिलं पडतं. मी हातानंच केलं, गोल फिरवत, बोटाचं वजन पडेल इतक्याच दाबानं. ३ मायक्रॉनपेक्षा जाड पेस्ट नको: हिरा सफायरपेक्षा कठीण आहे आणि जाड कण तिच्यावर धुरकटपणा सोडतात. तो काढणं हे मग वेगळंच काम होऊन बसतं.

प्रगती बघायला पुन्हा तीच ट्यूबलाइट. आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पेस्ट पुसली की बाहेरच्या प्रतिबिंबात पांढरे भाग पसरत जाताना दिसतात आणि मध्ये जांभळी बेटं उरतात. बेटांच्या कडा स्पष्ट असतात, त्यामुळे कुठे अजून घासायचं ते नेमकं कळतं. मधला भाग काही मिनिटांत मोकळा झाला. कडेला, जिथे तिरपी कापलेली पट्टी सुरू होते, तिथे फेल्ट नीट टेकत नाही आणि थर चिवट निघाला. लाकडी काडीच्या टोकाला फेल्ट गुंडाळून तो काढावा लागला. शेवटी बाहेरचं प्रतिबिंब पूर्ण पांढरं, आतलं पहिल्यासारखं मंद निळसर-जांभळं. रेघा सगळ्या गेल्या, आणि सफायरवर भिंगाखाली नवीन काही दिसलं नाही.

बाहेर नेऊन बघितलं. आकाशाखाली डायल आधीपेक्षा थोडी धुवट दिसते, हे खरं, आणि काळी डायल असलेल्यांनी ते गृहीत धरावं. पण हात जरा वळवला की आकाशाचं एकच सलग प्रतिबिंब सरकून जातं आणि खुणा स्वच्छ उरतात. बोटांचे ठसेही कमी खुपतात. कोटिंगवर तेलाचा पातळ थर बसला की तिथलं परावर्तन एकदम वाढतं, म्हणून ठसा जांभळ्या काचेवर ठळक दिसतो. उघड्या सफायरवर तोच ठसा सहज नजरेत येत नाही.

घुमटाकार काचेवर हे करायला सांगणार नाही. वरच्या वळणावर दाब सारखा राहत नाही, आणि मधली जागा जास्त घासून कडा तशाच राहतात. आतल्या थराबद्दल मात्र एक सांगतो: काच बाहेर काढाल तेव्हा आतल्या बाजूला बोट लावू नका, आणि रोडिको ही सफाईची पुट्टीही तिथे दाबू नका, त्याचा तेलकट माग कोटिंगवर लगेच दिसतो. धूळ फुंकणीनं उडवा, उरलीच तर अल्कोहोल लावलेल्या मायक्रोफायबरनं एकाच दिशेनं पुसा.

दुसऱ्या एसकेएक्ससाठी नवी काच मागवतोय, फक्त आतून कोटिंग केलेली. आली की बसवण्याआधी तीही ट्यूबलाइटखाली तपासून दोन्ही प्रतिबिंबांचे फोटो टाकतो.