दीड फुटाची मातीची भिंत आणि पाडलेली छपरी

मातीचं घर उन्हाळ्यात थंड असतं, असं आमच्या वर्धा जिल्ह्यात कुणीही सांगेल. आमचं गावचं घर मात्र थंड नव्हतं. भिंती दीड फूट जाडीच्या, पांढऱ्या मातीच्या. वर बांबूचा मातीनं लिंपलेला माळा, त्यावर कवेलू. तरी पश्चिमेच्या खोलीत मे महिन्यात झोपता यायचं नाही. त्या बाजूची छपरी, म्हणजे भिंतीला लागून पुढे आलेलं उतरतं छप्पर, घरच्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी पाडली होती. अंगण मोठं दिसावं आणि गाडी उभी राहावी म्हणून. वळचण उरली होती जेमतेम दोन फुटांची. पावसानं भिंत धुपू लागली तेव्हा तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला गेला. हे घर पुन्हा राहण्याजोगं करायचं ठरवलं तेव्हा आधी उष्णता नेमकी कुठून येते ते शोधायला बसले.

पृष्ठभागाचं तापमान दाखवणारा एक साधा, बंदुकीसारखा तापमापक घेतला आणि भिंती मोजत सुटले. दुपारी चारला पश्चिमेची भिंत बाहेरून 56 अंश. उत्तरेची, सावलीतली भिंत 42. हे अपेक्षितच होतं. खरी गोष्ट कळली ती पहाटे. बाहेरची हवा 29 अंशांवर आलेली, उत्तरेची भिंत आतून 34, आणि पश्चिमेची 38. सूर्य मावळून दहा-अकरा तास झालेले, तरी ती भिंत उतरली नव्हती. दिवसभरात तिचा आतला आकडा अर्ध्या अंशाच्या वर हलतच नव्हता.

याचं कारण मातीतून उष्णता ज्या गतीनं सरकते त्यात आहे. ढोबळमानानं ती तासाला तीन सेंटीमीटर आत जाते, आणि जाताना क्षीण होत जाते. दर बारा सेंटीमीटरला दिवस-रात्रीचा चढउतार जवळजवळ एक तृतीयांश उरतो. गावातली नवी पक्की घरं नऊ इंची विटांच्या भिंतींची असतात. त्यांच्यात दुपारी चारचं ऊन रात्री अकराच्या सुमारास आत पोचतं, म्हणजे नेमकं अंथरुणावर पडायच्या वेळी. पंचेचाळीस सेंटीमीटर मातीतून यायला चौदा-पंधरा तास लागतात, आणि तोवर चढउताराचा शंभरात दोन-तीन भाग शिल्लक असतो. म्हणून आकडा हलत नाही.

पण इथेच एक गोष्ट सुटते. जाड भिंत घर थंड करत नाही, ती सरासरी काढते. बाहेरच्या बाजूला चोवीस तासांत जे तापमान लागतं त्याची सरासरी आत दिसते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी 43 आणि पहाटे 29 धरले, तर हवेची सरासरी 36 येते. सावलीतली भिंत त्याच्या आसपास राहते, आणि रात्री दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या तर आतून आणखी दोन अंश खाली येते. जिच्यावर रोज दुपारी चार-पाच तास थेट ऊन पडतं तिची सरासरीच वर सरकते. मग भिंत कितीही जाड केली तरी ती चढलेली सरासरीच प्रामाणिकपणे आत आणून देते. आमची पश्चिमेची भिंत तेच करत होती. ती सरासरी ठरवणारी वस्तू, म्हणजे छपरी, आम्ही काढून टाकली होती.

गावातल्या वयस्क गवंड्यांना बोलावलं. मी आधी सिमेंट काढून मातीचा गिलावा करायचं म्हणत होते. ते म्हणाले, "ताई, आंधी छपरी, मंग भित. नाही त पयल्याच पावसात सारा गिलावा खाली येते." आमच्याकडे पाऊस बहुतेक पश्चिमेकडूनच झोडपतो, त्यामुळे क्रम त्यांचाच बरोबर होता.

छपरी किती खोल, यावर बराच विचार केला. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. तेव्हा छोटी वळचणही पुरते. अडचण उतरत्या उन्हाची आहे. दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून साधारण 37 अंशांवर असतो. तेव्हा दोन फुटांच्या वळचणीची सावली भिंतीवर फक्त दीड फूट उतरते, खालची सगळी भिंत उन्हात. सात फूट खोल छपरी केली आणि तिची कड जमिनीपासून सहा फुटांवर आणली, तर त्याच वेळी भिंतीचा खालचा फूटभरही भाग उन्हात राहत नाही. कड खाली असणं छपरी खोल असण्याइतकंच महत्त्वाचं आहे. उंच, ऐसपैस छपरी दिसते छान, पण ऊन तिच्याखालून सरळ आत येतं.

पाचला मात्र सूर्य 23 अंशांवर येतो आणि सात फूटही अपुरे पडतात. खालची तीन फूट भिंत तापते. यावर जुना उपाय आहे: तुराट्यांची तट्टी. तूर काढून झाल्यावर तुराट्या शेतात असतातच. कडेपासून अडीच-तीन फूट खाली लोंबेल अशी तट्टी मार्चमध्ये बांधायची आणि पावसाआधी काढायची. छपरीसाठी सागाचे खांब, बांबूचे वासे आणि जुनीच कवेलू वापरली.

छपरी उभी राहिल्यावर सिमेंटकडे वळलो. बोटांच्या पेरांनी ठोकलं की जिथे बद्द आवाज येतो तिथे आत पोकळी असते. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत सगळीकडे तोच आवाज होता. भिंतीत जमिनीतून ओल चढते, मातीचा गिलावा ती बाहेर सोडतो, सिमेंट अडवतं. तुकडे काढले तर मागची माती मऊ झालेली, पांढरा लोणा फुटलेला, एका कोपऱ्यात वाळवीही. सैल माती खरवडून भिंत महिनाभर उघडी वाळू दिली.

गिलाव्याला शेतातली काळी माती चालत नाही, ती वाळताना आकसते आणि भेगा पडतात. जुन्या पडक्या भिंतीची पांढरी माती चाळून घेतली, तिच्यात गव्हांडा, म्हणजे गव्हाचं भुसकट, आणि शेण घालून आठवडाभर भिजत ठेवलं, रोज तुडवलं. आधी हातभर जागेवर नमुना लावून पाहिला. भेगा पडल्या म्हणून गव्हांडा वाढवला. मग दोन थर दिले, पहिला पुरता वाळल्यावर दुसरा, आणि वरून सारवण.

पुढच्या मेमध्ये त्याच तापमापकानं पहाटे पश्चिमेची भिंत आतून 34 ते 35 दाखवत होती. अर्थात त्यात आमच्या सवयीचाही वाटा आहे. रात्री नऊनंतर सगळं उघडायचं आणि सकाळी आठच्या आत बंद करायचं. हे चुकलं की दोन दिवस घर उतरत नाही, कारण जाड भिंत भरलेली उष्णताही तितक्याच सावकाश सोडते. रात्रीच तापू लागल्या, पहाट 32 च्या खाली जाईना, की सरासरीच चढते आणि मातीचाही इलाज चालत नाही. जूनच्या दमट दिवसांत तर पंखाच लागतो.

सेवाग्रामच्या आश्रमात 1936 पासून उभ्या राहिलेल्या कुटी आमच्यापासून फार दूर नाहीत. काम संपल्यावर तिथे पुन्हा गेले तेव्हा भिंतींपेक्षा व्हरांडे आणि छपरांच्या खाली उतरलेल्या कडा जास्त वेळ बघत राहिले. कुणी मातीचं घर दुरुस्त करत असेल तर तिथे एकदा दुपारी चार वाजता जाऊन सावली कुठवर येते ते पाहावं.

आमची दक्षिणेची भिंत अजून बाकी आहे. मेमध्ये तिच्यावर जवळजवळ ऊन पडतच नाही, त्यामुळे उष्णतेसाठी तिथे खर्च करणार नाही. पावसाच्या माऱ्यासाठी मात्र तिथली वळचण अडीच फुटांपर्यंत वाढवायची आहे, तेवढे बांबू आणून ठेवले आहेत.