पट्टा फाटतो तो भोकांमुळे

“ताई, रेक्झिनची पिशवी मी पक्की शिवते, तरी शिलाईवरूनच फाटते. दोरा कच्चा असतो का?”

दोरा नाही हो, भोकं. कापडात सुई जाते तेव्हा धागे बाजूला सरकतात आणि पुन्हा जवळ येतात. चामड्यात नि रेक्झिनमध्ये पडलेलं भोक कायमचं.

भुसावळच्या एका मावशींना बाजाराची पिशवी शिवून दिली होती. पक्की व्हावी म्हणून पट्ट्यावर बारीक टाके घातले, वर तीनदा उलटसुलट टीप मारली. आठव्या दिवशी मावशी पट्टा हातात घेऊन दारात. “माय व, पोस्टाच्या तिकिटासारखा सुटला!” दोरा अखंड होता, रेक्झिन मात्र भोकांच्या ओळीने फाटलेलं. 2 मिलिमीटरच्या टाक्याने 10 सेंटिमीटरमध्ये 50 भोकं पडतात, साडेतीनच्या टाक्याने 28-29. म्हणून मी आता 3.5 घेते, जाड थरांवर 4. तुमच्या मशीनवर आकडे इंचाला किती टाके असे असतील, तर 7-8 वर ठेवा. तिथे आकडा लहान म्हणजे टाका लांब. शेवटी उलटी टीप नको, दोन्ही दोरे मागे ओढून गाठ मारा.

सुईत बरेच जण फसतात. चामड्याच्या सुईचं टोक पात्यासारखं असतं, ते कापत जातं. खऱ्या चामड्याला तीच हवी. रेक्झिनला मागून कापडाचं अस्तर असतं आणि बरीचशी ताकद त्या अस्तराची. पात्याने तेच कापलं जातं. म्हणून रेक्झिनला मी 16 नंबरची जीन्सची सुई लावते, पातळ असेल तर 14. मध्येच टाके सुटायला लागले की आधी सुई बदलून बघा.

टाचणीचंही भोकच. दोरीवरचे कपड्यांचे चिमटे वापरा. ऑफिसच्या काळ्या क्लिपने वळ उठतो, तिच्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा द्यावा लागतो.

इस्त्रीचा मोह टाळा. वाफेने चामडं आकसतं, रेक्झिन तर वितळून इस्त्रीला चिकटतं. शिलाईच्या आतल्या दोन्ही कडा उघडून पसरवायच्या, वर कापड घालायचं आणि लाटण्याने दाबून फिरवायचं. कड बसत नसेल तर आतून चपलेचं सोल्यूशन. इस्त्री लागलीच तर उलट्या बाजूने, कोरडी, अगदी मंद, मध्ये सुती कापड, आणि आधी कातरणावर करून बघायचं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी रेक्झिन असंही मऊ पडून मशीनच्या पायाला चिकटतं. मी सकाळी शिवते, नाहीतर वर बटर पेपरची पट्टी ठेवून टीप मारते नि मग ती फाडून काढते.

मावशींचा पट्टा जुन्या भोकांवर पुन्हा शिवता येईना. फाटलेली कड कापून टाकली, पट्टा बोटभर आखूड झाला, तेव्हा कुठे कोऱ्या जागेवर टीप बसली.