भावना दुखावणं वेगळं, माणूस नाकारणं वेगळं

स्टुटगार्टच्या आमच्या ऑफिसात जेवताना द्वेष पसरवणाऱ्या भाषणांचा विषय निघाला आणि एका अमेरिकन सहकाऱ्याने जर्मनांना डिवचलं: "नुसतं बोललं म्हणून तुरुंग? ही कसली लोकशाही?" त्याच्या देशात सर्वोच्च न्यायालयाच्या 1969 च्या ब्रँडेनबर्ग निकालापासून चिथावणीचं भाषण गुन्हा ठरतं ते एकाच स्थितीत. बोलणाऱ्याला लगेच बेकायदा कृत्य घडवायचं असलं पाहिजे आणि ते घडण्याची शक्यताही असली पाहिजे. म्हणून 1977 मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी गावात, छळछावणीतून वाचलेले ज्यू राहत असताना, अमेरिकन नाझींच्या मोर्चाचा हक्क कोर्टात टिकला.

टेबलावरच्या एक जर्मन बाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या घटनेचं पहिलंच कलम माणसाच्या प्रतिष्ठेचं आहे." त्यांच्या फौजदारी कायद्याचं कलम 130 एखाद्या समूहाविरुद्ध द्वेष भडकवणाऱ्याला 3 महिने ते 5 वर्षं आत टाकतं. अट एवढीच की त्याने सार्वजनिक शांतता बिघडू शकली पाहिजे.

मी लगेच छाती काढून सांगितलं, आमच्याकडेही आहे कायदा! समाजासमाजांत द्वेष पसरवण्याविरुद्धचं जुनं कलम 153अ, आताच्या न्याय संहितेतलं 196. पण सांगताना साताऱ्याची आठवण झाली. सप्टेंबर 2023 मध्ये आक्षेपार्ह पोस्टवरून पुसेसावळीत दंगल झाली, एक जण गेला, जिल्ह्याचं नेट बंद. व्हॉट्सअ‍ॅप लागेना म्हणून साधा फोन केला, तर बाबा म्हणाले, "आम्ही बरे आहोत. तू तिकडे बसून काळजी करू नकोस."

कायदा होता, तरी हे झालं. मला वाटतं, आपली गल्लत इथे होते. धर्माची किंवा थोर पुरुषाची टिंगल झाली की भावना दुखावते. ते कडू असलं तरी सोसावं. पण 'अमुक लोकांना गावात राहू देऊ नका' म्हटलं की शेजारच्या माणसाचं माणूसपणच काढून घेतलं जातं. आपण पहिल्यासाठी ठाण्यावर मोर्चा नेतो आणि दुसऱ्याला टाळ्या देतो.

शिवाय 196 चा खटला सरकारच्या मंजुरीशिवाय कोर्ट दाखल करून घेत नाही. म्हणजे भाषण करणारा सत्तेच्या जवळचा असला की फाइल पडून राहायला वाव. मंजुरी काढून टाकावी, तर उद्या ज्याला त्याला प्रत्येकावर खटला भरायला मोकळं रान!

आणि जर्मनही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. 2021 मध्ये हॅम्बुर्गच्या एका मंत्र्याला ट्विटमध्ये शिवी दिली म्हणून पोलीस भल्या सकाळी झडतीला पोचले. नंतर कोर्टाने ती झडती बेकायदा ठरवली. तो अपमानाचा गुन्हा होता, 130 चा नव्हे. हे मी मुद्दाम त्या बाईंना ऐकवलं, थोडं बरंही वाटलं.

तरी मी अमेरिकेच्या बाजूने नाही. स्कोकीचा मोर्चा शेवटी तिथे निघाला नाही, शिकागोत निघाला, पण तो अंगणातून जाणार या धास्तीत जगणाऱ्यांना त्या निकालाने काय दिलं? मंजुरीची चाळणी राहू दे, पण ती मंत्रालयाऐवजी न्यायाधीशाच्या हातात हवी, आणि नकार द्यायचा तर कारण लेखी हवं. अमेरिकन म्हणाला, "न्यायाधीश कुणाचे?" मी म्हटलं, तुमचेही कुणीतरी नेमतंच की!