बाबांच्या क्लेमवर आलेलं पत्र आणि त्यानंतरचे बारा दिवस

बाबा 3 फेब्रुवारी 2025 च्या रात्री पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट झाले. स्वादुपिंडाला जबर सूज आली होती, डॉक्टरांच्या भाषेत अ‍ॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस. आम्ही साताऱ्याचे. जेवणानंतर पोटात कळ आली आणि अँब्युलन्समधून पुण्याला नेईपर्यंत त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले होते. पुढचे 41 दिवस ते तिथेच होते. विम्याची पॉलिसी 25 लाखांची होती आणि चौथं वर्ष चालू होतं. कॅशलेसची पहिली मंजुरी लगेच आली, नंतर दोनदा वाढवून मिळाली आणि आकडा 6 लाखांवर गेला.

एकोणिसाव्या दिवशी, 21 तारखेला, हॉस्पिटलमधल्या टीपीए डेस्कवरच्या ताईंनी मला बोलावलं. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणारी संस्था. बिल 14 लाख 20 हजारांवर गेलं होतं. पुढची वाढ मागितली, तर मंजुरीऐवजी पत्र आलं होतं. पत्र हॉस्पिटलच्या नावे होतं, मला फक्त वाचायला दिलं. मजकूर थोडक्यात असा: आजारासाठी क्लेमची रक्कम नेहमीपेक्षा बरीच जास्त दिसते, म्हणून अ‍ॅडमिशनपासूनचे सगळे इनडोअर केस पेपर, आयसीयू चार्ट, नर्सिंग नोट्स, तपासण्यांचे मूळ रिपोर्ट, औषधांच्या बिलाची तारीखवार फोड आणि आजाराचं कारण सांगणारं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र पाठवा, तोवर पुढची रक्कम मंजूर करता येणार नाही.

ताई म्हणाल्या, “तुम्ही तीन लाख डिपॉझिट भरून ठेवा, कागद तयार झाले की बघू.” मी विचारलं, कागद कोण तयार करणार? त्या म्हणाल्या, “रेकॉर्डवाले देतील. तुम्ही तिकडून घेऊन इथं आणून द्या.”

मी दोन दिवस थांबले, ही माझी चूक. पत्र हॉस्पिटलच्या नावे आहे, तेव्हा उत्तर तेच देतील असं धरून चालले. 23 तारखेला चौकशी केली तेव्हा कळलं की पत्र डेस्कवरच्या इनबॉक्समध्येच आहे, रेकॉर्ड रूमपर्यंत गेलेलंच नाही. माझ्या आतेबहिणीचे यजमान विमा क्षेत्रात काम करतात. त्यांनी फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. विमा नियामकाच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकानुसार क्लेमची कागदपत्रं विमा कंपनीनं किंवा टीपीएनं हॉस्पिटलकडून गोळा करायची आहेत, पॉलिसीधारकाला पळवायचं नाही. हे डेस्कवर नम्रपणे पण लेखी द्या. दुसरं, तरीही फाइल स्वतः वाचा. “तुमच्याआधी ती कंपनीचा डॉक्टर वाचणार आहे, आणि तो शेवटच्या पानापासून नाही, पहिल्या पानापासून वाचतो.”

फाइल मिळवण्यासाठी मी वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज केला. रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकानं मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यायचं, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांत आहे, तेही अर्जात लिहिलं. बाबांच्या अंगठ्याचं अधिकारपत्र आणि माझं आधार जोडलं. पोच घेतली. झेरॉक्सचे पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 412 पानांचा गठ्ठा हातात आला.

त्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर पहिलंच पान उघडलं आणि माझे हात गार पडले. कॅज्युअल्टीतल्या ज्युनिअर डॉक्टरनं रात्री पावणेबाराला घाईघाईत लिहिलेली नोंद होती. पोटदुखी, उलट्या, कावीळ, आणि शेवटी ‘अल्कोहोल’ हा शब्द, पुढे अधिकचं चिन्ह. किती, कधीपासून, किती दिवसांनी, काहीच नाही. फक्त ते चिन्ह.

धाकट्या भावाला विचारलं. तो म्हणाला, “त्यांनी विचारलं, घेतात का? मी म्हटलं, लग्नकार्यात कधीतरी. झालं.” खोटं काहीच नव्हतं. पण पॅन्क्रियाटायटिसची दोन मोठी कारणं म्हणजे पित्ताचे खडे आणि दारू, आणि दारूच्या व्यसनाचे परिणाम बहुतेक आरोग्य पॉलिसींच्या अपवादांत असतात. आमच्या पॉलिसीतही होते, ‘एक्सक्लूजन 12’ म्हणून. एवढ्या मोठ्या रकमेच्या क्लेममध्ये कंपनी आजाराचं कारण का विचारते, पाणी कुठं मुरतंय, ते तेव्हा समजलं.

भावाच्या मनात आलं की डॉक्टरांना सांगून ती ओळ दुरुस्त करून घ्यावी. हे मी ठामपणे सांगते: ते कधीही करू नका. मूळ नोंदीवर खाडाखोड दिसली की फक्त ती ओळ नाही, सगळी फाइल संशयात जाते, आणि हॉस्पिटलही अडचणीत येतं. योग्य वाट वेगळी असते. मूळ नोंद जशी आहे तशी राहते आणि उपचार करणारे डॉक्टर आजच्या तारखेनं, वेगळ्या लेटरहेडवर, पुराव्यासकट स्पष्टीकरण देतात.

आमचे पोटविकारतज्ज्ञ फारसं बोलणारे नव्हते. मी गठ्ठा घेऊन ओपीडीबाहेर दोन तास उभी राहिले. पान पाहून ते म्हणाले, “बसा. कारण दारू नाही, हे माझ्या मनात पहिल्या दिवसापासून स्पष्ट आहे. पण मनातलं कंपनीला कसं दिसणार?” मग एकेक रिपोर्ट बाजूला काढत त्यांनी मला समजावलं.

पहिल्या रात्रीच्या सोनोग्राफीत पित्ताशयात अनेक खडे होते आणि पित्तनलिका 11 मिलिमीटर फुगलेली होती. त्याच रात्रीच्या रक्तात यकृताचं एएलटी 286 होतं; पॅन्क्रियाटायटिसमध्ये ते सुरुवातीलाच 150 च्या वर गेलं की खड्याकडे बोट जातं. बिलिरुबिन 4.2. ट्रायग्लिसराइड आणि कॅल्शियम ठीक, म्हणजे ती कारणंही बाद. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 4 तारखेला एंडोस्कोपीनं नलिकेतून खडा काढला होता, त्या प्रक्रियेचा रिपोर्ट फोटोसकट होता. हा रिपोर्ट डेस्कनं आधी पाठवलेल्या कागदांत नव्हता. त्यांनी दरवेळी फक्त तात्पुरती समरी पाठवली होती, आणि त्यात कारणापुढे ‘तपास चालू’ असंच लिहिलेलं राहिलं होतं.

डॉक्टरांनी दीड पानाचं पत्र दिलं. त्यात त्यांनी कॅज्युअल्टीची नोंद लपवली नाही. तिचा उल्लेख करून लिहिलं की ती प्रासंगिक सेवनाची आहे, व्यसनाची कोणतीही खूण तपासणीत नाही, आणि आजार नलिकेत अडकलेल्या खड्यामुळे झाला. प्रत्येक वाक्यापुढे रिपोर्टची तारीख. त्या पत्रासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

कारणाचा प्रश्न सुटला, पण रकमेचा होताच. त्यासाठी बिल आणि चार्ट शेजारी ठेवून तारखा जुळवायला बसले. कंपनीचा माणूस हेच करतो: बिलात व्हेंटिलेटरचा दिवस असेल तर त्या दिवशीच्या आयसीयू चार्टवर मशीनची सेटिंग आणि रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट हवा, डायलिसिस असेल तर त्या सत्राचा तक्ता हवा. डायलिसिसची सहाही सत्रं जुळली. व्हेंटिलेटर मात्र बिलात 12 दिवस होता आणि चार्टवर 11. बाबांची श्वासाची नळी 16 तारखेला सकाळी साडेनऊला काढली होती, ते पान माझ्यासमोर होतं. बिलात 17 तारखेचाही आकार लागला होता.

औषधांचं बिल 5 लाख 80 हजार होतं, सगळ्यात मोठी रक्कम तीच. 19 तारखेला रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट आला, जंतू आधीच्या अँटिबायोटिकला दाद देत नव्हता म्हणून दुपारी औषध बदललं. पण सकाळीच जुन्या औषधाच्या 12 वायल फार्मसीतून वर गेल्या होत्या. ड्रग चार्टवर तीन दिल्याच्या सह्या होत्या. उरलेल्या नऊ परत गेल्याची चिठ्ठी सिस्टरांच्या वहीत होती, बिलात वजावट नव्हती. बिलिंगच्या सरांना दोन्ही पानं दाखवली. त्यांनी कुरकुर न करता दोन्ही दुरुस्त्या केल्या आणि सुधारित बिल काढलं. आपल्याच बाजूचं बिल आपण कमी करून घेतोय म्हणून भाऊ आधी नाराज होता. पण ती दोन पानं कंपनीनं काढली असती, तर उरलेल्या बिलावरही कोणी विश्वास ठेवला नसता. महागड्या औषधांच्या बाबतीत कल्चर रिपोर्ट मागे जोडणं फार गरजेचं आहे. भारी औषध का दिलं याचं उत्तर त्या एका कागदात असतं.

मधेच कंपनीचे तपासनीस येऊन गेले. आयसीयूच्या काचेतून बाबांना पाहिलं, आमचे जबाब लिहून घेतले. दारूचं विचारलं तेव्हा भावानं तेच सांगितलं, पण या वेळी पूर्ण: वर्षातून तीन-चारदा, लग्नकार्यात, एखादा पेग. लिहिलेलं वाचल्याशिवाय सही करायची नाही असं आम्ही ठरवलं होतं. त्यांनी फक्त ‘मद्यपान करतात’ एवढंच लिहिलं होतं. विनंती केल्यावर पुढचे शब्द घातले, मग सही केली.

पाठवताना आणखी एक अडथळा आला. डेस्कवरच्या मुलानं मोबाइलवर फोटो काढून पानं चढवायला सुरुवात केली होती. अर्ध्या पानांवर सावली, नर्सिंगची निळी शाई तर दिसतही नव्हती. अपुरी किंवा न वाचता येणारी पानं गेली की पुन्हा पत्र येतं आणि पुन्हा आठवडा जातो. रेकॉर्डवाल्या काकांनी स्कॅनरवर सगळं नव्यानं केलं, पानांना क्रमांक दिले, हॉस्पिटलचा शिक्का मारला. मी एका पानाची अनुक्रमणिका केली: पत्रातला मुद्दा, त्याचं उत्तर कोणत्या पानावर. डॉक्टरांचं पत्र सगळ्यात वर. 1 मार्चला हॉस्पिटलच्या ईमेलवरून ते गेलं, प्रत मला आली, पोच क्रमांक मी वहीत लिहून ठेवला.

5 मार्चला संध्याकाळी मंजुरी आली. बाबांच्या पोटात तेव्हा पू काढण्याची नळी होती, ताप उतरायला लागला होता. डिपॉझिट भरायला मावशीकडून घेतलेले पैसे तसेच राहिले होते, ते परत केले. 15 मार्चला डिस्चार्ज झाला तेव्हा बिल 21 लाख 40 हजार होतं. ग्लोव्हज, डायपर, नोंदणी शुल्क अशा न मिळणाऱ्या गोष्टींचे 63 हजार आम्ही भरले. बाकी सगळं कंपनीनं दिलं.

सूज पूर्ण ओसरल्यावर पित्ताशय काढायचं होतं. त्यासाठी जूनमध्ये बाबा पुन्हा अ‍ॅडमिट झाले. रात्रीची वेळ, तसाच तरुण डॉक्टर, तोच प्रश्न. या वेळी मी पुढे झाले आणि सगळं सांगितलं: किती, कधी, केव्हापासून बंद. त्यानं लिहून झाल्यावर मी म्हटलं, “डॉक्टर, मला एकदा वाचून दाखवता?” त्यानं दाखवलं. बाबा स्ट्रेचरवरून म्हणाले, “नीट लिहिलंय का गं?” लिहिलं होतं.